सिम लॉक लावताना फोन कुठला पिन मागतो, आणि तीनदा चुकल्यावर काय करायचं

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. स्क्रीन फुटली, चार्जिंग पॉइंट सैल झाला, ही रोजची कामं. पण महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी असा फोन घेऊन येतं, ज्यात बिघडलेलं काहीच नसतं. स्क्रीनवर फक्त ‘पीयूके कोड टाका’ असं आलेलं असतं आणि माणूस घाबराघुबरा झालेला असतो. बहुतेक वेळा गोष्ट एकाच जागी फसलेली असते, म्हणून ती जागा आधी सांगतो.

फोनच्या सेटिंगमध्ये सिम लॉकचा पर्याय असतो. बटण चालू केलं की फोन चार आकड्यांचा पिन मागतो. आपल्याला वाटतं, नवीन कुलूप लावतोय, म्हणजे नवीन नंबर ठरवायचा. आपण मनातला एखादा नंबर घालतो. फोन म्हणतो चूक. आपण म्हणतो, टाइप करताना बोट घसरलं असेल, आणि तोच नंबर परत घालतो. तिसऱ्यांदाही तोच. संपलं. तीन चुका झाल्या आणि सिम बंद पडलं.

खरी गंमत अशी की त्या वेळी फोन नवीन पिन विचारतच नसतो. तो सिममध्ये आधीपासून असलेला पिन विचारत असतो. सिम कारखान्यातून येतं तेव्हाच त्यात एक पिन घातलेला असतो, फक्त तो विचारायची सोय बंद ठेवलेली असते. कुलूप दाराला बसवलेलं आहे, किल्लीही ठरलेली आहे, पण कुलूप उघडंच लटकतंय, असं समजा. ते लावायचं म्हटलं तरी जुनी किल्ली दाखवावी लागते. स्वतःचा पिन ठेवायचा असेल तर आधी जुन्या पिनने लॉक चालू करायचं आणि मग त्याच पानावरच्या ‘पिन बदला’ या पर्यायात जाऊन आधी जुना, नंतर नवा, परत नवा असं तीनदा भरायचं. एवढा क्रम माहीत असता तर माझ्याकडे येणारे निम्मे फोन आलेच नसते.

हा जुना पिन बऱ्याचदा १२३४ किंवा ०००० असतो, म्हणून लोक डोळे झाकून तेच घालून बघतात. लागला तर लागला. पण सगळ्या कंपन्यांचा, सगळ्या काळातल्या सिमांचा एकच नसतो, आणि हातात तीनच संधी असतात. सिम ज्या प्लास्टिकच्या मोठ्या कार्डातून मोडून काढलं, त्या कार्डावर किंवा सोबतच्या कागदावर तो छापलेला असू शकतो. नाहीतर कंपनीला विचारायचं. एक अंदाज चुकला तर तिथंच थांबायचं, दुसरा करायचा नाही.

आता नेमकं काय कुलूपबंद होतं ते बघू, कारण यात फार गोंधळ आहे. सिम पिन फोनला कुलूप लावत नाही. फोटो, व्हॉट्सॲपचे जुने मेसेज, गॅलरी हे सगळं स्क्रीन लॉकच्या ताब्यात असतं आणि स्क्रीन लॉक फोनमध्ये राहतो. सिम पिन राहतो त्या नखाएवढ्या चिपमध्ये. तो दिला नाही तर सिम नेटवर्कवर नोंदणीच करत नाही. कॉल नाही, एसएमएस नाही, मोबाइल डेटा नाही. सिममध्ये साठवलेले नंबरही उघडत नाहीत. वायफाय मात्र चालू राहतं, आणि ११२ हा आपत्कालीन नंबर लागतो. चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी तिथं पहिला प्रश्न पिनचाच येतो, म्हणून त्याला तुमचे ओटीपी मिळत नाहीत. लॉक लावायचा खरा फायदा एवढाच, पण तो मोठा आहे.

पिन विचारला जातो तो फोन बंद करून चालू केल्यावर किंवा सिम काढून परत बसवल्यावर. स्क्रीन नुसती विझून पेटली तर नाही. त्यामुळे लॉक लावून माणूस महिनोन्‌महिने विसरून जातो. मग एका रात्री फोन आपणहून अपडेट होऊन रिस्टार्ट होतो, आणि सकाळी दुधाचा टेम्पोवाला कॉल करून करून थकलेला असतो. अशा वेळी लोक सवयीने स्क्रीन लॉकचा नंबर घालतात. तीनदा फसण्याची ही दुसरी वाट. स्क्रीनवर नुसतं ‘पिन’ लिहिलंय की ‘सिम पिन’ लिहिलंय, हे वाचून मगच बोट लावावं.

आता एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळ्या चुका एकाच घरात झाल्या होत्या.

उचगावच्या एक वहिनी आहेत, घरी चटणी-मसाला करून विकतात. ऑर्डर सगळ्या फोनवर. एका शनिवारी दुपारी मुलाला घेऊन आल्या. मुलगा अकरावी-बारावीचा असेल.

“दादा, सिमच मेलं बघा ह्याचं. सकाळपासनं एक फोन न्हाई. गिऱ्हाइकं म्हणत असतील, बाईनं धंदा बंद केला वाटतं.”

मुलगा खाली मान घालून म्हणाला, “मी पिन सेट करत होतो ओ, पण घेतच नव्हतं.”

“किती वेळा घातलास?”

“तीनदा. मग आठ आकडे मागायला लागलं.”

“मग आठ आकडे काय घातलेस?”

त्याने आईकडे बघितलं. “अंदाजानं घातले. तीनदा.”

सीबीएस बसस्टँडवर कुणाचा तरी फोन मारला गेला, हे ऐकून पोराने आईच्या काळजीपोटी लॉक लावायला घेतलं होतं. हेतू चांगला. पण २५८० हा स्वतःच्या आवडीचा नंबर तीनदा घातला. पहिल्या चुकीनंतर फोनने दोन प्रयत्न उरलेत असं सांगितलं होतं, दुसरीनंतर एक उरलाय असंही सांगितलं होतं. ते इंग्रजीत होतं आणि त्याने वाचलं नाही. तिसऱ्या चुकीनंतर सिम ब्लॉक झालं आणि पीयूकेचं पान आलं.

पीयूके म्हणजे पिन उघडायची किल्ली. हा कायम आठ आकड्यांचा असतो. तो आपण ठरवत नाही, आपल्याला तो बदलताही येत नाही. कंपनी सिम बनवून घेताना चिपमध्ये घालते आणि त्याची नोंद स्वतःकडे ठेवते. याला दहा संधी असतात. दहा म्हणजे भरपूर वाटतात आणि तिथंच घात होतो. तीन असल्या की माणूस जपून वागतो, दहा असल्या की अंदाज करत सुटतो. आठ आकड्यांचे दहा कोटी नंबर होतात, त्यातला बरोबर एक दहा अंदाजांत सापडायचा म्हणजे लॉटरीच. या पोराच्या तीन संधी अशा गेल्या होत्या, सात उरल्या होत्या.

वहिनींनी पिशवीतून एक जुनं प्लास्टिकचं कार्ड काढलं. “हे जपून ठेवलंय मी. ह्याच्यावर पीयूके लिवलंय.” खरंच लिहिलं होतं, आठ आकडे, स्पष्ट. आणि मी हात पुढं करायच्या आत पोराने ते वाचून फोनमध्ये भरलेसुद्धा. चूक. सहा उरल्या.

पोरगं म्हणालं, “कार्डावरचाच चुकीचा कसा?”

मी सिमचा ट्रे बाहेर काढला. सिमच्या अंगावर बारीक अक्षरांत एक लांबलचक नंबर छापलेला असतो, १९ किंवा २० आकड्यांचा. आपल्याकडे तो ८९९१ ने सुरू होतो, यातले ८९ म्हणजे दूरसंचार आणि ९१ म्हणजे भारत. तुमच्या मोबाइल नंबरशी याचा संबंध नाही, हा त्या चिपचा स्वतःचा नंबर आहे. काही सिमांवर तो एवढा पुसट असतो की टॉर्च तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. वहिनींच्या सिमचे शेवटचे आकडे मी वाचले आणि कार्डावरच्या लांब नंबरशी लावून बघितले. जुळले नाहीत.

“वहिनी, मधी कधी सिम बदललं होतं का?”

त्या आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, “व्हय की, फोर जी करून घेतलं न्हवं. नंबर तोच हाय पण.”

तिथंच उत्तर होतं. नंबर तोच राहिला तरी चिप नवीन आली, आणि पीयूके चिपबरोबर जातो, नंबरबरोबर नाही. जुन्या कार्डावरचा कोड जुन्या, कधीच फेकून दिलेल्या सिमचा होता. म्हणून घरात सापडलेलं कार्ड वापरायच्या आधी त्याच्यावरचा लांब नंबर आणि सिमवरचा लांब नंबर शेजारी धरून बघायचाच. शेवटचे पाच-सहा आकडे जुळले की बास. दोन सिमच्या घरात तर हे फारच लागतं. एक कार्ड नवऱ्याचं, एक बायकोचं, दोन्ही एकाच डब्यात.

यावर लोकांना एक हुशारी सुचते, ती त्या पोरालाही सुचली. “दादा, माझ्या फोनमध्ये घालून बघू का? त्यात पहिल्यापासनं दहा मिळतील.” मिळत नाहीत. मोजदाद फोन करत नाही, सिम करतं. किती चुका झाल्या हा आकडा चिपच्या आत लिहिला जातो आणि वीज गेली तरी तो पुसला जात नाही. फोन बदला, बॅटरी काढा, रात्रभर बंद ठेवा, फॅक्टरी रिसेट मारा, आकडा तिथंच. फॅक्टरी रिसेटने तर उलट नुकसान होतं. फोटो जातात आणि सिम आहे तसंच बंद राहतं. असा रिसेट मारून आलेली दोन माणसं मी बघितलीत, त्यांना काय बोलायचं तेच कळत नाही.

मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते ती एकाच प्रकारे, बरोबर कोड पडला की. बरोबर पिन दिला की पिनच्या परत तीन संधी. बरोबर पीयूके दिला की पीयूकेच्या परत दहा आणि पिनच्या परत तीन. म्हणजे सहा उरल्या म्हणून रडायचं काही नव्हतं. आता फक्त एकच, पण खात्रीचा कोड हवा होता.

तो मिळवायचा कंपनीकडून. दुसरी वाट नाही. इंटरनेटवर पीयूके काढून देणाऱ्या साइट दिसतात, मोबाइल नंबर टाका आणि कोड घ्या म्हणतात. पीयूके कुठल्याही नंबरवरून गणित करून निघत नाही, त्यामुळे असल्या साइट कोड देऊच शकत नाहीत. घेतात मात्र तुमची माहिती. कस्टमर केअरचा नंबरही सर्च करून मिळेल तो लावू नये, तिथं भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा किंवा सिमच्या पाकिटावरचाच घ्यावा.

पहिली सोपी वाट म्हणजे कंपनीचं ॲप. बऱ्याच ॲपमध्ये सिमच्या सेटिंगखाली पीयूके दाखवतात. पण इथं एक अडचण आडवी येते. ॲपमध्ये नव्याने लॉगिन करायचं तर ओटीपी येतो, आणि तो येतो त्याच बंद पडलेल्या सिमवर. म्हणून ॲप आधीपासून लॉगिन असेल तरच ते वायफायवर उघडून कामाला येतं. तेव्हा घाईघाईने लॉगआउट करू नका आणि ॲप काढून परत टाकूही नका. वहिनींच्या फोनमध्ये ॲप नव्हतंच.

दुसरी वाट फोन करण्याची. तक्रारीसाठी १९८ हा नंबर आपल्याकडच्या कंपन्यांना सारखाच आहे, पण तो ज्या कंपनीच्या सिमवरून लावाल त्याच कंपनीला लागतो. बंद सिमवरून तो लागत नाही, तिथून फक्त आपत्कालीन कॉल जातो. म्हणून त्याच कंपनीचं सिम असलेला दुसरा कुणाचा तरी फोन लागतो. वहिनींच्या मिस्टरांचं सिम त्याच कंपनीचं होतं, पण ते एमआयडीसीत ड्युटीवर, आणि फोन त्यांच्याजवळ. शेवटी शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा फोन घेतला.

फोन लावायच्या आधी मी वहिनींना चार गोष्टी कागदावर लिहून घ्यायला लावल्या. मोबाइल नंबर, सिमवरचा लांब नंबर, सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख, आणि शेवटचं रिचार्ज कधी, कितीचं केलं ते. पलीकडचा माणूस खात्री करायला यातलंच काहीतरी विचारतो, आणि तसं विचारायलाच हवं. नाहीतर कुणीही उठून कुणाचाही कोड मागेल. सिम कुणाच्या नावावर आहे ही गोष्ट इथं नडते. आपल्याकडे वर्षानुवर्षं सासऱ्यांच्या नावावरचं सिम सुनेकडे चालत असतं. वहिनींचं सिम मिस्टरांच्या नावावर निघालं, म्हणून त्यांना कॉलवर घ्यावं लागलं. बारा-पंधरा मिनिटं गेली. आठ आकडे मिळाले. मी ते पलीकडच्याला एकेक करून परत वाचून दाखवायला सांगितले, कारण ओळीत पाच आणि नऊ ऐकताना इकडचे तिकडे होतात.

आता कोड भरायचा. फोनवर पीयूकेचं पान आलेलं असेल तर तिथंच आठ आकडे भरायचे, पुढं नवीन पिन दोनदा मागतो. इथं मात्र खरोखरच नवीन पिन ठरवायचा असतो, चार ते आठ आकड्यांचा. पीयूकेने जुना पिन कळत नाही, नवा बसतो. जुना १२३४ असो की आणखी काही, तो तिथं संपतो.

पान हुकलं असेल, चुकून बंद केलं असेल किंवा साधा बटणाचा फोन असेल, तर डायल करायच्या जागी हे टाइप करायचं:

```
**05*PUK*PIN*PIN#
```

PUK च्या जागी आठ आकडे, PIN च्या जागी दोन्हीकडे तोच नवा पिन. मिळालेला कोड समजा 30517428 असेल आणि नवा पिन 4719 ठेवायचा असेल, तर:

```
**05*30517428*4719*4719#
```

शेवटचा हॅश दाबला की आपोआप जातं, हिरवं बटण दाबावं लागत नाही. फोनवर स्क्रीन लॉक असेल आणि आत जाता येत नसेल तर आपत्कालीन कॉलच्या डायलरवरही हे चालतं.

पण फोनमध्ये दोन सिम असतील तर हा डायल कोड टाकायच्या आधी दुसरं सिम बाहेर काढा. कोड कुठल्या सिमला जातोय हे स्क्रीनवर नेहमीच दिसतं असं नाही. तो चांगल्या सिमला गेला तर त्याची पीयूकेची एक संधी फुकट जाते आणि बंद सिम आहे तसंच राहतं. ट्रेची पिन सापडत नसेल तर कानातल्या डुलाची मागची काडी चालते, फक्त शेजारच्या माइकच्या भोकात घालू नका. तेही रिपेअरिंग माझ्याकडेच येतं.

वहिनींच्या फोनमध्ये पीयूकेचं पान होतं, तिथंच भरलं. एक आकडा त्या वाचायच्या, एक पोराने दाबायचा, आठवा झाला की मी थांबवलं आणि परत एकदा कागदाशी ताडून बघितलं. मग ओके. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग वरच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या काड्या उभ्या राहिल्या आणि मिस्ड कॉलचे एसएमएस एकामागून एक वाजायला लागले. सिममधले गिऱ्हाइकांचे नंबर जसेच्या तसे होते. पीयूकेने काही पुसलं जात नाही.

दहाही संधी गेल्या तर मात्र वेगळीच गोष्ट होते. ती मी पन्हाळ्याकडच्या एका आबांच्या बाबतीत बघितली. त्यांचा बटणाचा फोन, नातवाने खेळता खेळता लॉक केला आणि घरच्या प्रत्येकाने आपलं नशीब आजमावलं. माझ्याकडे आला तेव्हा सिम ‘वापरता येत नाही’ एवढंच दाखवत होता. अशा सिमला कुणीच उठवू शकत नाही, मी नाही आणि कंपनीही नाही. चिप कायमची बंद. नंबर मात्र जात नाही, तो कंपनीकडे असतो. ज्याच्या नावावर सिम आहे त्याने ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं आणि त्याच नंबरचं नवीन सिम घ्यायचं.

आबांना ते मिळालंही, पण तीन गोष्टी त्यांना कुणी आधी सांगितल्या नव्हत्या. सिममध्ये साठवलेले सगळे नंबर गेले, दोनशेच्या वर होते, गावातल्या निम्म्या घरांचे. दुसरं, सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस येणं-जाणं बंद ठेवतात. कुणी दुसऱ्याच्या नंबरचं सिम काढून ओटीपी पळवू नये म्हणून हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. पण आबांना त्याच दिवशी ऊसबिल जमा झालं का ते एसएमएसवर बघायचं होतं आणि मुलाला त्यांच्या खात्यावरून पैसे पाठवायचे होते. कॉल लागत होते, ओटीपी येत नव्हता, म्हणून त्यांना वाटलं नवीन सिमही खराबच दिलंय आणि ते भांडायला निघाले होते. तिसरं, कंपनी बदलायची असेल तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. यूपीआय वापरणाऱ्याला याच्या जोडीला आणखी एक काम लागतं. सिम बदलल्याचं ॲपला कळतं आणि ते नंबरची परत खात्री मागतं. ती एसएमएसने होते, म्हणजे तेही एसएमएस सुरू झाल्यावरच. म्हणून सहा संधी उरल्यात तोवर थांबा असं मी म्हणतो ते नुसतं घाबरवायला नाही. एका फोन कॉलवर सुटणाऱ्या गोष्टीसाठी दीड दिवस आणि गावाचे नंबर घालवण्यात अर्थ नाही.

पीयूकेसारखंच दिसणारं आणखी एक पान असतं, त्यात फसू नका. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये आपलं सिम घातलं की कधी कधी ‘नेटवर्क अनलॉक पिन’ मागितला जातो. भाचा दुबईहून किंवा अमेरिकेहून जुना फोन पाठवतो तेव्हा हे बघायला मिळतं. तिथं कुलूप सिमला नसून फोनला असतं, तो फोन तिकडच्या एका कंपनीशी बांधलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. ते सिम दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला. तिथं निमूट चाललं तर सिम निर्दोष आहे आणि आपल्या कंपनीचा पीयूके तिथं काही कामाचा नाही. ज्या कंपनीने फोन विकला तिच्याकडूनच तो सोडवून घ्यावा लागतो.

पिन टू आणि पीयूके टू नावाची आणखी एक जोडी सिममध्ये असते. तिचा उपयोग ठरावीक नंबरांनाच कॉल लागू द्यायची सोय चालू-बंद करण्यापुरता. तो ब्लॉक झाला तरी कॉल आणि डेटा चालूच राहतात, त्यामुळे कधी पिन टू मागितला तर मागे फिरा, एवढंच पुरे.

वहिनी निघताना म्हणाल्या, “आता ते लॉक काढूनच टाका दादा. डोक्याला ताप.”

काढता येतं, तोच नवा पिन देऊन बटण बंद करायचं. पण पोराचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांचं बँकेचं सगळं त्या नंबरवर, आणि त्या आठवड्यातून दोनदा माल घेऊन महाद्वार रोडच्या गर्दीतून जाणाऱ्या. मी म्हटलं, ठेवा, पण आत्ता इथंच एकदा फोन बंद करून चालू करा. त्यांनी केला. स्क्रीनवर आधी सिम पिनचं पान आलं. पोरगं पुढं सरसावलं, त्यांनी त्याचा हात बाजूला केला आणि स्वतः चार आकडे दाबले. काड्या आल्या. मग सिमवरच्या लांब नंबरचे शेवटचे सहा आकडे आणि पीयूके लिहिलेला तो कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवायला घेतला.

“पर्समध्ये नको,” मी म्हटलं. “फोन आणि पर्स एकदमच जातात.”

“मग?”

“घरी. चटणीच्या हिशोबाच्या वहीत. आणि ते जुनं कार्ड इथंच द्या माझ्याकडे.”

त्यांनी दिलं. मी कात्रीने त्याचे दोन तुकडे केले.